मशीनचे पैसे देऊन झाले, तरी घसारा कशाचा?

वाचकाचं पत्र: माझं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला सीएनसी लेथ घेतली. सगळं धरून १२ लाख गेले, त्यातले ४ लाख पदरचे आणि ८ लाख कर्जाचे. वर्षअखेरीला हिशेबनीस म्हणाले, ४ लाख नफा झाला. बँकेत पाहिलं तर गेल्या वर्षीपेक्षा ६० हजार कमीच. मशीनचा खर्च म्हणून त्यांनी फक्त १ लाख लावलाय आणि तेवढाच दरवर्षी लावणार म्हणे. यंदा कर्जाचा हप्ता सोडला तर मी मशीनसाठी कुणाला एक पैसा देणार नाही, मग हा खर्च कसला? वर एक जुनं गिऱ्हाईक म्हणतंय, “मशीन तर येऊन गेली, आता ८५ चा जॉब ७५ ला द्या.” वर्षाला ५,००० नग आहेत, माल त्यांचाच. भाव कमी करू का? घसारा खरा की कागदावरचा?

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे पैसे गेले की खर्च झाला. हातातून पैसे जाणं आणि खर्च होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मशीनच्या बाबतीत त्यांच्यात दहा दहा वर्षांचं अंतर पडतं. घसारा आहे तो या अंतरासाठी.

कटिंग ऑइलचा पिंप आणलात आणि वर्षअखेर तो अर्धा भरलेला आहे. वर्षाचा खर्च किती धराल? अर्ध्या पिंपाचा. उरलेला अर्धा तुमच्या आवारात उभा आहे, पुढच्या वर्षी कामाला येणार आहे. मशीन हाही एक पिंपच समजा, फक्त त्यात ऑइलऐवजी कामाचे तास भरलेत. गेल्या वर्षी तुम्ही दहा वर्षांचे तास एकदम विकत घेतले. त्यातलं एक वर्ष वापरलं, नऊ वर्षांचं काम अजून मशीनमध्ये शिल्लक आहे. वापरलेल्या वर्षाचा जो वाटा, तो त्या वर्षाचा खर्च, म्हणजेच घसारा. न वापरलेला भाग ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभा.

आता तुमच्या हिशेबनीसांचा आकडा उलगडू. मशीनचं बिल ११ लाखांचं असेल, तर वाहतूक आणि उतरवणी २५ हजार, फाउंडेशन ४० हजार, वायरिंग आणि बसवणी ३५ हजार असं धरून १२ लाख होतात. मशीन काम करण्याच्या स्थितीत येईपर्यंत लागलेलं हे सगळं तिच्याच किमतीत जातं. फाउंडेशनचे पैसे वेगळे ‘बांधकाम खर्च’ म्हणून त्याच वर्षात टाकून मोकळे होणारे बरेच जण मी पाहिलेत. पण त्या फाउंडेशनवर मशीन दहा वर्षं उभी राहणार, मग त्याचा भार एकाच वर्षावर का? ऑपरेटरला शिकवण्याचा खर्च मात्र किमतीत धरत नाहीत. ऑपरेटर उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, त्याचं शिक्षण तुमच्या मालकीचं नाही.

दहा वर्षांनी ही मशीन विकून २ लाख येतील असा अंदाज. म्हणजे तुम्ही खऱ्या अर्थानं वापरून संपवणार आहात १० लाख. ते दहा वर्षांत सारखे वाटले की वर्षाला १ लाख. याला सरळ रेषा पद्धत म्हणतात.

समजा, सगळे १२ लाख गेल्याच वर्षी खर्चात टाकले असते. वर्कशॉपची वर्षाची कमाई ३० लाख, आणि मजुरी, वीज, भाडं, टूल्स, कर्जाचं व्याज, तुमचा स्वतःचा पगार मिळून खर्च २५ लाख धरू. जुन्या यंत्रांचा घसारा संपलेला आहे असंही धरू. म्हणजे मशीन सोडून ५ लाख उरतात. त्यातून १२ लाख वजा केले तर गेल्या वर्षी ७ लाखांचा तोटा दिसला असता, आणि पुढची नऊ वर्षं दरवर्षी ५ लाख नफा. शेवटी मशीन विकून २ लाख आले की दहा वर्षांची बेरीज ४० लाख. घसारा लावून दरवर्षी ४ लाख नफा धरला, तरी दहा वर्षांची बेरीज ४० लाखच. शेवटी विकताना २ लाख आले तर पुस्तकातही तेवढीच किंमत उरलेली असेल, म्हणून त्यातून वेगळा नफा-तोटा निघत नाही.

एकूण रक्कम बदलत नाही, बदलतं ते कोणत्या वर्षाबद्दल तुम्हाला काय कळतं ते. पहिल्या पद्धतीनं गेल्या वर्षाकडे पाहून वाटलं असतं, धंदा बुडाला. आणि यंदाकडे पाहून वाटेल, एकदम भरभराट झाली. मशीन तीच, गिऱ्हाइकं तीच, माणसं तीच. दोन्ही वर्षं सारखीच गेली असताना हिशेबानं त्यांना इतकं वेगळं दाखवावं, तर तो हिशेब निर्णय घ्यायला काय कामाचा? कामगाराला पगारवाढ द्यायची का, आणखी एक माणूस ठेवायचा का, हे तुम्ही कोणत्या आकड्यावर ठरवणार?

आता बँकेतले ६० हजार. तुमची शंका रास्त आहे, कारण नफ्याचा आकडा बँकेतल्या शिलकीशी जुळत नाही म्हटल्यावर कुणालाही काळजी वाटेल. पण मांडून बघा. मशीनचा घसारा सोडून धंद्यातून ५ लाख रोख आले. त्यातले ४ लाख तुम्ही पदरचे म्हणून मशीनला दिलेत. ८ लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर वर्षाला मुद्दल १ लाख ६० हजार. पाचातून चार गेले, एक साठ गेले, ६० हजार कमी पडले. तुमचा हिशेब पैशापैशाला जुळतो. नफा सांगतो की वर्षभराच्या कामातून काय कमावलं. बँक सांगते की पैसा आता कुठे आहे. तुमचा पैसा मशीनमध्ये आहे.

इथे एक चूक फार होते, म्हणून थांबून सांगतो. बरेच मालक कर्जाचा अख्खा हप्ता खर्च धरतात आणि वर घसाराही धरतात. हप्त्यातलं व्याज हा खर्च आहे, ते बरोबर. मुद्दल हा खर्च नाही, ती उसनवारीची परतफेड आहे. त्या उसनवारीच्या पैशातून जी मशीन आली तिचा खर्च घसाऱ्यातून आधीच लागतो आहे. दोन्ही धरलेत तर मशीनचा तोच पैसा दोनदा मोजला जातो आणि धंदा आहे त्याहून आजारी दिसतो. एका ओळखीच्या मालकानं हेच करून तीन वर्षं चढे भाव लावले, आणि चांगली दोन गिऱ्हाइकं गमावली. हप्त्यांचा तक्ता घेऊन बसलो, मुद्दलाचा रकाना पेन्सिलीनं खोडला, तेव्हा ‘तोटा’ नाहीसा झाला. गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत.

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या मनात नक्की येईल. एक वर्ष झालं, पुस्तकात मशीनची किंमत ११ लाख दिसते. बाजारात विचारलंत तर कुणी ८ च्या पुढे बोलणार नाही. मग घसारा ४ लाख हवा होता का? नाही. घसारा म्हणजे बाजारभावातली घट नव्हे. तुम्ही ही मशीन विकायला आणलेली नाही, चालवायला आणली आहे. ती चालवत राहणार तोवर रोज बाजारात तिला काय किंमत आली असती याच्याशी तुमच्या वर्षाच्या खर्चाचा संबंध नाही. अपवाद एकच: काही कारणानं मशीनची कमवायची ताकदच गेली, मोठा अपघात झाला, किंवा ज्या कामासाठी घेतली ते कामच बंद पडलं, तर पुस्तकातली किंमत थेट खाली आणावी लागते. ती नोंद घसाऱ्याहून वेगळी असते.

तसंच, घसारा लावला म्हणजे नव्या मशीनसाठी पैसे साठले असंही होत नाही. ही नोंद कुठल्याही खात्यात एक पैसा टाकत नाही. ती इतकंच करते की नफा १ लाखानं कमी दाखवते, त्यामुळे तो १ लाख ‘कमाई’ समजून तुम्ही घरी नेत नाही. तो धंद्यात राहतो, पण कदाचित कच्च्या मालात, कदाचित उधारीत अडकून. दहा वर्षांनी मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा तो हातात हवा असेल, तर दरमहा वेगळ्या खात्यात ठेवायला हवा. तोवर नव्या मशीनची किंमत वाढलेली असेल, तेव्हा पुस्तकी घसाऱ्याएवढाच पैसा बाजूला टाकला तर तो पुरणार नाही. पण कर्ज फिटेपर्यंत तुमच्यावर ही सक्ती मी करणार नाही. तोवर मुद्दलाची फेड हेच तुमचं बाजूला टाकणं आहे.

आता दहा वर्षं हा आकडा आला कुठून, हे हिशेबनीसांना जरूर विचारा. आणि त्यांनी सांगितलेला आकडा मुकाट्यानं घेऊ नका, कारण मशीन त्यांच्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता. किती शिफ्ट चालणार? बिडाचा जॉब आहे की ॲल्युमिनियमचा? बिडाची बारीक धूळ गाइडवेमध्ये जाऊन बसते, मशीन लवकर झिजवते. स्पिंडलची बेअरिंगं किती वर्षं टिकतात असा तुमचा अनुभव आहे? आणि झिजेपेक्षाही मोठी गोष्ट कंट्रोलरची. लोखंड पंधरा वर्षं टिकेल, पण कंट्रोलरचं कार्ड मिळणं बंद झालं तर मशीनचं आयुष्य तिथेच संपतं. यांतलं जे आधी संपणार असेल, ते आयुष्य धरायचं.

अंदाज चुकला तर? चुकणारच, थोडाफार. समजा चार वर्षांनी लक्षात आलं की ही आणखी तीनच वर्षं नीट चालेल. तेव्हा पुस्तकात ८ लाख असतील. शेवटी २ लाख येणार हे तसंच धरलं, तर उरलेले ६ लाख तीन वर्षांत वाटायचे, म्हणजे वर्षाला २ लाख. मागची चार वर्षं उकरायची नाहीत. त्या वेळी जे माहीत होतं त्यावर तो अंदाज बरोबर होता. आणि समजा सहाव्या वर्षी मशीन ५ लाखांना विकलीत, पुस्तकात ६ लाख असताना, तर १ लाखाचा तोटा दिसेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कुणी तुम्हाला फसवलं असा नाही. मागची सहा वर्षं मिळून तुम्ही घसारा १ लाखानं कमी लावला होता, तो आता एकदम समोर आला. पुढच्या मशीनचं आयुष्य ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

सरळ रेषेखेरीज दुसरी पद्धत आहे घटत्या शिलकीची. दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के लावायचे. तुमच्या मशीनला १२ लाखांवरून दहा वर्षांत २ लाखांवर यायला सुमारे १६.४ टक्के लागतील. पहिल्या वर्षी घसारा जवळपास १ लाख ९७ हजार, दहाव्या वर्षी साधारण ३९ हजार. मशीन नवी असताना दुरुस्ती कमी आणि जुनी झाल्यावर जास्त असेल, तर घसारा आणि दुरुस्ती मिळून दरवर्षीचा भार बराच समान येतो, हा या पद्धतीचा फायदा. कमाई जशी येणार असेल तशी पद्धत निवडावी, आणि एकदा निवडली की सोयीप्रमाणे बदलू नये. तुमची मशीन वर्षभर सारखीच चालणार असेल तर सरळ रेषा मला पटते. करासाठीचा घसारा कायद्यानं ठरवलेल्या दरानं निघतो आणि तो या आकड्याशी जुळेलच असं नाही. दोन आकडे वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका. धंद्याचे निर्णय मात्र पुस्तकातल्या घसाऱ्यावर घ्या.

आता मूळ दुखणं, गिऱ्हाइकाचं. तो म्हणतो मशीन येऊन गेली. येऊन गेली खरी, पण ती तुमच्या पैशानं आली, आणि त्याच्या प्रत्येक नगाबरोबर ती थोडी थोडी जाते आहे. किती, ते काढू. वर्षाला २,००० तास मशीन चालेल असं धरलं तर १ लाखाचा घसारा तासाला ५० पडतो. त्याचा जॉब बारा मिनिटांचा आहे असं धरतो, म्हणजे तासाला पाच नग, आणि नगामागे घसारा १०. तो मागतो आहे तीही बरोबर १० ची सूट! भाव ८५ वरून ७५ केलात तर वीज, मजुरी, टूल सगळं निघेल, तुमचा नफाही पूर्वीएवढाच वाटेल, आणि मशीन तेवढी फुकट गेलेली असेल. ५,००० नगांना बारा मिनिटांप्रमाणे १,००० तास लागतात. म्हणजे मशीनचं अर्धं वर्ष. दरवर्षी ५० हजारांची मशीन तुम्ही त्याला भेट देणार. दहा वर्षांनी मशीन झिजेल तेव्हा नवी घ्यायला तो पैसे देणार नाही.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपवली तर सल्ला अर्धवट राहील. मशीन दुपारची रिकामी उभी असेल, आणि कुणी शंभर-दोनशे नगांचं सुटं काम घेऊन आला, तर घसारा न निघणारा भावही परवडू शकतो. त्या दुपारी मशीन चालो न चालो, वर्षाचा १ लाख लागणारच आहे. वीज, टूल, मजुरी निघून वर जे उरेल ते नसल्यापेक्षा बरं. पण अटी दोन: ते काम चालू गिऱ्हाइकाचे तास खाणार नसेल, आणि तो भाव ठरावीक दर होऊन बसणार नसेल. तुमचं हे काम तसं नाही. अर्धं वर्ष व्यापणारं काम भरणीचं काम नव्हे, तोच तुमचा धंदा आहे. त्यातून घसारा निघाला नाही तर तो उरलेल्या १,००० तासांतल्या गिऱ्हाइकांकडून काढावा लागेल, आणि ते का देतील?

उलटी चूकही करू नका. एखाद्या वर्षी काम कमी आलं, मशीन १,२०० तासच चालली, तर घसारा तासाला ८३ पडतो. म्हणून दर वाढवायचा नाही. वाढवलात तर काम आणखी कमी येईल, तास आणखी घटतील आणि ताशी आकडा आणखी चढेल. दर काढताना नेहमीच्या चांगल्या वर्षातले तास धरायचे, म्हणजे ५० च. न भरलेल्या ८०० तासांचे ४० हजार हा रिकामेपणाचा खर्च आहे. तो वेगळा लिहा, तो काम आणण्याच्या प्रश्नाशी जोडा, जॉबच्या भावाशी नाही.

गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणण्यापेक्षा एक गोष्ट आधी करा. स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभे राहा. बारा मिनिटांतला प्रत्यक्ष कटिंगचा वेळ किती, जॉब बदलायला किती, टूल हवेत नुसता फिरतो तो किती, हे तीन आकडे लिहा. ८५ ला पाच नग म्हणजे मशीन आज तासाला ४२५ कमावते. ७५ च्या भावात तेवढेच ४२५ यायला हवे असतील तर जॉब साधारण साडेदहा मिनिटांत उतरायला हवा. दीड मिनिट जॉब बदलण्यात किंवा हवेतल्या फेऱ्यांत सापडण्याजोगं असतं, कधी नुसत्या चांगल्या फिक्श्चरनं सुटतं. सापडलं तर ७५ खुशाल द्या: मशीनचे तासही वाचतील आणि घसारा नगामागे १० वरून पावणेनऊवर येईल. नाही सापडलं, तर बारा मिनिटांच्या जॉबचा भाव ८५ च ठेवा, आणि तासांचा कागद त्यांच्यासमोर ठेवून का ते दाखवा.